पाच शर्यती, एक तिकीट

बेंगळुरूच्या रेसकोर्स रोडवर बेंगळुरू टर्फ क्लबच्या टोट खिडकीवर जॅकपॉटचं तिकीट घेणाऱ्याला लागोपाठच्या पाच शर्यतींचे विजेते सांगायचे असतात. पाचही बरोबर आले तर मुख्य डिव्हिडंड, चार आले तर ‘रनर-अप’चा छोटा वाटा. इंग्लंडमधला प्लेसपॉट याच घराण्यातला. तिथे सहा शर्यती असतात, पण घोडा पहिला यायलाच हवा असं नाही, ठरलेल्या जागांत आला की पुरे. दोन्हीकडे तिकीट घेणारा एकेका शर्यतीचा विचार भरपूर करतो आणि पाच-सहा शर्यती मिळून तिकीट जिवंत राहण्याची शक्यता मात्र मनातल्या मनात ठरवून टाकतो. माझं म्हणणं असं की ही शक्यता बऱ्यापैकी नेमकी काढता येते. ती काढली की आपण पैसे चुकीच्या शर्यतीवर वाढवत होतो, हेही बहुतेकांच्या लक्षात येईल.

सुरुवात भावांपासून करू. समजा सहा घोड्यांच्या शर्यतीत बुकीच्या फळ्यावर पहिल्याला बरोबरीचा भाव आहे, दुसऱ्याला एकास तीन, तिसऱ्याला एकास चार, दोघांना एकास नऊ आणि शेवटच्याला एकास एकोणीस. या भावांचे टक्के मांडले तर 50, 25, 20, 10, 10 आणि 5 होतात. बेरीज 120 येते, कारण वरचे 20 ही बुकीची कमाई आहे. म्हणून प्रत्येक आकड्याला 1.2 ने भागायचं. पहिला घोडा मग 50 नव्हे, सुमारे 42 टक्क्यांचा ठरतो आणि दुसरा 21 टक्क्यांचा. जॅकपॉटमध्ये हे दोघे घेतले तर दोन्ही शक्यतांची सरळ बेरीज करता येते, कारण दोघे एकाच वेळी जिंकत नाहीत (डेड हीट सोडून द्या). बेरीज येते 62.5 टक्के. प्लेसपॉटमध्ये अशी बेरीज चालत नाही. तिथे दोघेही जागेवर येऊ शकतात, त्यामुळे तो दुहेरी मोजलेला भाग वजा करावा लागतो. 1973 मध्ये डेव्हिड हारव्हिल यांनी मांडलेल्या सूत्रानुसार पहिल्या दोन जागांत येण्याची शक्यता आपल्या पहिल्या घोड्याला 70 टक्के आणि दुसऱ्याला 45 टक्के निघते. दोघांपैकी किमान एक येण्याची शक्यता 89 टक्के होते. दोघांना स्वतंत्र मानून गुणाकार केला असता तर 84 आली असती. फरक पाचच टक्क्यांचा, पण सहा शर्यती अशाच असतील तर 84 चे 35 टक्के होतात आणि 89 चे जवळपास 50. अर्थात हे सूत्र फेव्हरिटला दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी जरा जास्तच श्रेय देतं, ही त्याची जुनी माहीत असलेली खोड आहे. तेव्हा 89 हा आकडा थोडा खाली धरलेला बरा.

आता जॅकपॉटचं एक तिकीट पूर्ण मांडून पाहू. पहिल्या शर्यतीत वरचे दोन घोडे, 62.5 टक्के. दुसरीत एकच ‘बँकर’, 55 टक्के. तिसरीत तीन घोडे, 60. चौथीत दोन, 50. पाचवीत तीन, 65. प्रत्येक ठिकाणी निम्म्याच्या बरोबरीने किंवा वर, म्हणून डोळ्यांना तिकीट भक्कम दिसतं. गुणाकार मात्र 6.7 टक्के येतो, म्हणजे साधारण पंधरातून एकदा. यात 2×1×3×2×3, म्हणजे 36 जोडण्या आहेत. नेमके चार येण्याची शक्यता 24 टक्के आहे. ‘एकाच शर्यतीने घात केला’ ही टोटच्या रांगेत ऐकू येणारी हळहळ म्हणूनच दुर्दैवाची खूण मानू नये. या तिकिटाला ती पूर्ण यशाच्या साडेतीनपट वेळा होणारच आहे.

तिकीट मजबूत करायचं तर कुठे? मनात पहिली भीती बँकरची असते, म्हणून दुसऱ्या शर्यतीत 15 टक्क्यांचा आणखी एक घोडा घ्यावासा वाटतो. त्याने ती शर्यत 55 वरून 70 वर जाते आणि एकूण शक्यता 8.5 टक्के होते, पण जोडण्या दुप्पट होऊन 72 होतात. त्याऐवजी चौथ्या, खुल्या शर्यतीत 20 टक्क्यांचा तिसरा घोडा घेतला तर जोडण्या 54 होतात आणि शक्यता 9.4 टक्के. कमी खर्चात जास्त शक्यता. कारण साधं आहे. एकाचे दोन केले की खर्च दुप्पट होतो, दोनाचे तीन केले की दीडपटच. बँकर रुंद करणं हा तिकिटातला सर्वांत महाग निर्णय आहे. एका जोडणीची किंमत एकक धरली, तर मूळ तिकिटाला खर्च भरून निघायला (रनर-अप वगळून) सरासरी 537 पट डिव्हिडंड हवा, चौथी शर्यत वाढवल्यावर 575 पट आणि बँकर वाढवल्यावर 844 पट. प्रत्येक वाढीने जिवंत राहण्याची शक्यता वाढते आणि दर रुपयामागची घटते. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. शिवाय पूलमधून क्लबची कपात असते आणि वर जीएसटी, जो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला आहे. त्यामुळे या हिशेबाने नफा होईल असं मी म्हणत नाही. तोटा कुठे होतो ते मात्र दिसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: घोडे गणित वाचत नाहीत, आणि तबेल्यातली बातमी भावात नसते. बातमी फार काळ भावाबाहेर राहत नाही, हे संध्याकाळच्या शेवटच्या भावांकडे पाहिलं की कळतं. पण आक्षेपाला अर्थ आहे, आणि तो उलट दिशेने लागू होतो. आपले अंदाज चुकतात तेव्हा सहसा आपल्या आवडत्या घोड्याच्या बाजूनेच चुकतात. दर शर्यतीत आपण दहा टक्क्यांनी जास्त आशावादी असलो, म्हणजे खरी शक्यता अंदाजाच्या 0.9 पट असली, तर पाच शर्यतींनंतर 0.59 पटच उरते. 6.7 चे चार टक्के होतात. एका शर्यतीत न दिसणारी चूक गुणाकारात फुगते. म्हणून स्वतःचा अंदाज फळ्यावरच्या शुद्ध केलेल्या भावाहून फार वर जाऊ लागला की मी तो भावाकडे ओढतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: शर्यती स्वतंत्र नसतात, मग गुणाकार कसा? बेंगळुरूचा उन्हाळी हंगाम पावसात शिरतो. पेनेट्रोमीटरचा आकडा वाढला, म्हणजे ट्रॅक मऊ झाला, की दिवसभराचे हिशेब एकत्र बिघडतात. समजा निम्मे दिवस असे की आपली प्रत्येक शर्यत 80 टक्क्यांनी साधते आणि निम्मे असे की 50 टक्क्यांनीच. सरासरी 65 धरून पाचदा गुणलं तर 11.6 टक्के येतात. दोन्ही प्रकारचे दिवस वेगळे मोजून मग सरासरी काढली तर 18 टक्के. म्हणजे शर्यती एकमेकींना बांधलेल्या असल्या तर तिकीट जिवंत राहण्याची शक्यता गुणाकाराहून जास्तच निघते. हे ऐकून खूश होण्याचं कारण नाही. ज्या दिवशी ट्रॅकने आपले फेव्हरिट तारले, त्या दिवशी त्याने खिडकीवरच्या इतर शेकडो लोकांचेही तारलेले असतात, आणि पूल तेवढ्या तिकिटांत वाटला जातो. म्हणून 537 पटीची तुलना क्लबच्या सर्व दिवसांच्या सरासरी डिव्हिडंडशी करणं चूक आहे. तुलना हवी ती आपल्यासारखं तिकीट ज्या दिवशी तगलं त्या दिवसांच्या डिव्हिडंडशी, आणि फेव्हरिटांवर बेतलेल्या तिकिटासाठी तो आकडा सरासरीच्या खालीच असतो.