दुसऱ्या फेरीची वाट

रमजानला दोन आठवडे उरले होते आणि आमच्या स्वयंपाकघरात झुरळांचे राज्य होते. मोठी, तपकिरी, मोरीतून येणारी ती झुरळे नव्हेत. ही बारीक, फिक्या रंगाची, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली. यांना जर्मन झुरळ म्हणतात. ती गटारात नाही, घरातच राहतात. जिथे ऊब, ओलावा आणि अन्नाचा कण मिळेल तिथे. अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दम्याचा त्रास आहे. झुरळांची विष्ठा आणि कात यांच्या धुळीने दमा वाढतो, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितले होते. घरात रांगणारे नातवंडही आहे. म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावले. दोन फेऱ्यांचे अठराशे रुपये ठरले. दुसरी फेरी तीस दिवसांनी होणार होती. मी सगळे पैसे आधीच देऊन टाकले. ही माझी पहिली चूक.

ते येण्याच्या आदल्या रात्री मी एक गोष्ट केली, तिचा पुढे फार उपयोग झाला. बाजारात चिकट पुठ्ठ्याचे सापळे मिळतात. त्यातले चार मी रात्री ठेवले. सकाळी मोजले तर फ्रीजमागे तेवीस, सिंकखाली नऊ, सिलिंडरजवळ चार आणि न्हाणीघरात एक. हे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले.

दुसऱ्या दिवशी एक तरुण मुलगा आला. त्याच्याकडे जेलची पिचकारी होती आणि शीतपेयाच्या बाटलीत दुधासारखे पांढरे पाणी होते. मी विचारले, “यात काय आहे?” तो म्हणाला, “भाभी, हे मोरीसाठी. काही होत नाही.” मी म्हटले, “लेबल नाही, तर मला नको.” कीटकनाशकाच्या डब्यावर औषधाचे नाव, प्रमाण, बॅच आणि मुदत असावी लागते. शिवाय तिरका ठेवलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर औषध सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा म्हणजे सर्वांत सौम्य. बाटली बदलली की ही सगळी माहिती जाते, आणि घरात एखाद्या मुलाने ती चुकून प्यायली तर डॉक्टरला काय सांगायचे, तेही कळत नाही. उग्र वासाचे डायक्लोरव्हॉस पूर्वी सर्रास फवारत आणि घर बंद करून बाहेर जायला सांगत. आपल्या देशात 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी आहे. बिनलेबलच्या बाटलीत तेच नाही कशावरून?

जेलच्या नळीवर मात्र लेबल होते: फिप्रोनिल, 0.05 टक्के. जेलचा फायदा असा की ते हवेत उडत नाही, भांड्यांवर बसत नाही. झुरळ ते खाऊन बिळात जाते आणि मरते. त्याची विष्ठा किंवा मेलेले झुरळ खाणारी इतर झुरळेही मरतात. दमेकरी माणसाच्या घरात फवारणीपेक्षा हे बरे. फक्त ठिपके मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फटीत हवेत. त्याने बाटली परत पिशवीत ठेवली, हे त्याचे चांगलेच म्हणायचे.

पण काम त्याने बारा मिनिटांत उरकले. ओट्याखाली, सिंकजवळ आणि कपाटांच्या कडेने ठिपके दिले. फ्रीज हलवला नाही. मी सांगितले तेव्हा म्हणाला, “तिथं ऊब असते, तिथं जेल सुकतं, भाभी.” मी गप्प बसले.

आठवड्याने पुन्हा सापळे ठेवले. सिंकखाली एक, सिलिंडरजवळ आणि न्हाणीघरात शून्य, पण फ्रीजमागे चौदा. म्हणजे औषध चांगले होते, ते योग्य जागी गेले नव्हते. फोन केला तर उत्तर आले, “दुसऱ्या फेरीला बघू.”

दुसऱ्या फेरीचा दिवस सोळाव्या रोज्याला होता. कोणी आले नाही. फोन केला तर म्हणाले, “उद्या नक्की.” उद्याही कोणी आले नाही. झुरळे खरी रात्रीच हिंडतात. सेहरीसाठी पहाटे दिवा लावला की आम्हाला रोज हिशेब दिसे. आता ओट्यावर मोठी नव्हती, तांदळाच्या कणीएवढी पिल्ले होती. दुसरी फेरी कशासाठी असते, ते तेव्हा समजले. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची कुपी पोटाला चिकटवून फिरते. एका कुपीत तीस ते चाळीस अंडी असतात आणि ती फुटायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. कुपीतल्या अंड्यांना जेल लागत नाही. पहिल्या फेरीत वाचलेल्या माद्यांची पिल्ले महिनाभरात बाहेर येतात. त्यांनी पुन्हा अंडी घालण्याआधी त्यांना गाठणे, हे दुसऱ्या फेरीचे काम. ती चुकली की पहिल्या फेरीचे पैसेही वाया जातात.

तिसऱ्या फोननंतर, एकविसाव्या रोज्याला, वेगळे गृहस्थ आले. वयस्कर होते, हातात बॅटरी होती. त्यांनी आधी कॅलेंडरवरचे आकडे विचारले. मग फ्रीजचा प्लग काढून तो भिंतीपासून ओढला आणि मागची जाळी उघडली. मोटरजवळ काळ्या मिरपुडीसारखी विष्ठा आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या रिकाम्या कुप्या होत्या. मोटर फार तापते, म्हणून त्यांनी जेल तिच्यावर न लावता बाजूच्या थंड पट्टीला लावले. मसुराच्या डाळीएवढे ठिपके, जवळजवळ. मग ट्रॉलीच्या बिजागऱ्या, फ्रीजच्या दाराचे रबर, मिक्सरचे बूड. सिंकचा पाइप भिंतीत जातो तिथली फट त्यांनी दाखवली आणि सांगितले, “इथं पांढरं सिमेंट भरा.” पाऊण तास लागला.

त्यांनी आमचीही चूक दाखवली. मधल्या काळात मी वैतागून कपाटात दुकानातला स्प्रे मारला होता, आणि अम्मींनी साबणाच्या फडक्याने काही ठिपके पुसले होते. ते म्हणाले, “बेटी, स्प्रेचा वास आला की झुरळ जेलला तोंड लावत नाही, उलट आत खोल पळतं. ठिपक्यांच्या जागा सोडून पुसा. स्प्रे तर नकोच.” अम्मी हसल्या. “मला वाटलं कुणी खाऊ सांडला,” म्हणाल्या.

ईदनंतर पुन्हा चार सापळे ठेवले. फ्रीजमागे दोन, बाकी तिन्हीकडे शून्य. दोनही पिल्लेच होती. आठवड्याने तीही दिसली नाहीत.

कुणी विचारले तर मी या लोकांना काय गुण देईन? औषधाच्या बाबतीत चांगले, कारण जेल होते आणि बाटली परत गेली. पण तीही मी अडवली म्हणून. कामाच्या बारकाईत पहिली फेरी नापास, दुसरी पास. वचनाच्या बाबतीत पाच दिवसांचा उशीर आणि तीन फोन.

या वर्षी शेजारच्या भाभींनी त्यांना बोलावले तेव्हा मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. अर्धे पैसे दुसऱ्या फेरीनंतर द्या आणि तिची तारीख पावतीवर लिहून घ्या. आणि मुलगा आला की आधी फ्रीज ओढायला लावा. उरलेले दोन सापळेही मी त्यांना देऊन टाकले.