DCdCe

परवा जुने मेल साफ करायला बसले होते. जागा संपत आली की हे काम करावंच लागतं. खाली खाली जाता जाता ऑगस्ट २०१९ मधला एक मेल सापडला आणि साफसफाई तिथेच थांबली. विषय कोरा. पाठवणारे आमचे अण्णा. आणि आत फक्त एवढंच:

```
ER yjr Eus. heCr fpvd/el Enx. bj;d/e cpnd/ebj Eual. Hav yxo. keNpr vka. DCdCe
```

आज हे वाचून मला हसू येतं. त्या दिवशी मात्र हात थरथरत होते.

कोल्हापूरकरांना ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा वेगळा सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, त्यामुळे बेंगळुरूहून निघून उपयोग नव्हता. आमचं घर शाहूपुरीत. दोन दिवस मी अण्णांना आणि आईला फोन लावत होते. आईचा बंद, अण्णांचा बंद. आईची तब्येत त्या महिन्यात नाजूकच होती. आणि अशात ऑफिसमध्ये बसले असताना हा मेल आला.

पहिला विचार काय आला असेल? कुणीतरी अण्णांचं अकाउंट हॅक केलं. पुसूनच टाकणार होते. पण सुरुवातीची दोन अक्षरं काही सोडेनात. ER. इंग्रजी मालिका बघितलेल्या माणसाला त्याचा एकच अर्थ सुचतो, दवाखान्याचा इमर्जन्सी वॉर्ड. पोटात गोळा आला.

मग नजर शेवटच्या शब्दावर गेली. अण्णा मेलखाली नाव लिहिल्याशिवाय राहत नाहीत, अगदी "जेवलो" एवढंच कळवायचं असलं तरी. म्हणजे DCdCe हे नाव असणार. पाच कळा. दुसरी आणि चौथी सारखीच, C. मधे एक d. तुम्ही "अण्णा" हा शब्द कळांच्या हिशोबाने मोडून बघा: अ, ण, पाय मोडायची खूण, ण, काना. पाच कळा, दुसरी आणि चौथी सारखी! तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा मेल मराठीतच होता. अण्णा भाषा बदलायला विसरले होते.

इथे जरा थांबून कीबोर्डचं सांगते. आपण कळ दाबतो तेव्हा कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवतच नाही, फक्त कुठली कळ दाबली ते सांगतो. तिचं क करायचं की k, हे आत निवडलेली भाषा ठरवते. अण्णांची बोटं मराठीत चालली होती, कॉम्प्युटर इंग्रजीत ऐकत होता. त्यांच्या लॅपटॉपवर मीच इन्स्क्रिप्ट बसवून दिलं होतं, कळांवर स्टिकरसुद्धा चिकटवले होते. डावं आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं की इंग्रजीचं मराठी होतं, हे त्यांना दहादा सांगितलं होतं. पण अण्णा राजारामपुरीतल्या क्लासमध्ये मराठी टायपिंग शिकलेले, नोकरीभर मशिनवर बडवलेले. टायपिस्ट कागदाकडे बघतो, उमटलेल्याकडे नाही. तीच सवय. त्यात वीज गेलेली, उजेड मेणबत्तीचा, तोही कळांवर धरलेला. पडद्यावर काय उमटतंय ते बघायचं भान कुणाला असणार?

इन्स्क्रिप्टची एक शिस्त आहे, ती मला त्या दिवशी उपयोगी पडली. मात्रा आणि तिचा पूर्ण स्वर एकाच कळेवर असतात, शिफ्ट धरली की स्वर आणि सोडली की मात्रा. नावातून कळलंच होतं की e म्हणजे काना. मग मोठा E म्हणजे आ. तसंच d म्हणजे पाय मोडणं आणि मोठा D म्हणजे अ, तेही नावात बसलंच. आता heCr बघा. दुसरं अक्षर काना, तिसरं ण. पुराच्या दिवसात कोल्हापूरहून आलेल्या मेलमध्ये "_ाण_" म्हणजे दुसरं काय असणार? पाणी. म्हणजे r ही दीर्घ वेलांटी. आणि मोठा R म्हणजे ई.

ER म्हणजे आई.

हायसं वाटलं म्हणता? छे. पुढचं वाक्य होतं ER yjr Eus. शेवटचा शब्द आ ने सुरू होणारा, तीनच कळांचा, वाक्य संपवणारा, तो "आहे" असणार. म्हणजे "आई _ _ी आहे". मधल्या दोन कळा मला येईनात. माझं स्वतःचं टायपिंग उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं मारायचं, इन्स्क्रिप्टची कळ न कळ पाठ कुठली? दोन अक्षरांवर सगळं अडलं होतं.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी नव्हतं आणि नवीन काही टाकायची परवानगीही नव्हती. पण शेजारच्या टेबलावरच्या कन्नड मैत्रिणीकडे विंडोजचा कन्नड कीबोर्ड होता. आणि गंमत ही की तोही इन्स्क्रिप्टच. ही मांडणी १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ठरवली, ती भारतातल्या वेगवेगळ्या लिप्यांना एकच. क ची कळ मराठीत k, गुजरातीत k, कन्नडातही k. लिपी बदलते, बोट बदलत नाही. मी तिच्या खुर्चीवर बसले आणि मेलमधल्या कळा एकेक करून दाबायला लागले. y. कन्नड ब उमटला. j. र. मग वेलांटी.

बरी. आई बरी आहे.

इतकी वर्षं बेंगळुरूत राहून दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं कन्नड येतं, ते असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. कन्नड लिपीत मराठी वाचत बसले होते. मैत्रिणीला वाटलं मी रडतेय की हसतेय.

पुढचं भराभर उलगडलं. एके ठिकाणी मात्र अडखळले. fpvd/el. दाबल्यावर आधी वेलांटी एका ठिपक्यांच्या रिकाम्या गोलावर टांगलेली आली, मग ज, मग न्यात. "जिन्यात" लिहायचं होतं. इन्स्क्रिप्टमध्ये बोलतो त्या क्रमाने लिहायचं असतं, आधी ज आणि मग वेलांटी, म्हणजे pf. पण मशिनवर ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, अक्षराच्या आधी मारायची. अण्णांचं बोट तीस वर्षं वेलांटीकडे आधी जायचं, ते घाईत पुन्हा गेलं. त्या चुकीवरून मी घट्ट ओळखलं की हे दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही. सही खोटी करता येईल, ही चूक करता यायची नाही.

तर पूर्ण मेल असा होता: आई बरी आहे. पाणी जिन्यात आलं. वरच्या मजल्यावर आहोत. फोन बंद. काळजी नको. अण्णा.

पुण्याला दादाला लगेच कळवायला म्हणून मी मूळ मजकूर मोबाइलवर टाइप करून पाठवला (तोही सोडवेल, त्याला इन्स्क्रिप्ट येतं). पाच मिनिटांत त्याचा फोन. "फाणी काय? आणि खाळजी?" मोबाइलने प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करून टाकलं होतं. heCr चं HeCr झालं, प चा फ. keNpr चं KeNpr, क चा ख. आपल्याकडे मोठं अक्षर म्हणजे ठसका नाही, अक्षरच वेगळं. बरं झालं की तेवढंच झालं. स्पेलिंग सुधारणाऱ्याने Hav चं Have केलं असतं तर "फोन"च्या शेपटाला एक काना लागला असता.

तेव्हापासून असा मजकूर दिसला की मी लगेच पुसत नाही. शब्दाच्या मधेच मोठं अक्षर, पोटात अर्धविराम (तो च), तिरकी रेघ (ती य) किंवा चौकोनी कंस (तो ड), आणि जिकडेतिकडे e आणि d दिसले की समजावं, कुणीतरी इन्स्क्रिप्टमध्ये मराठी बोलतंय. कोल्हापूर लिहायला गेलं तर kandueht आणि शेवटी j. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर फाँट नसताना उघडला तर तेच गाव dksYgkiwj असं दिसतं, तिथे k चा सुकाळ असतो, कारण त्यात काना k वर आहे. म्हणजे गचाळातसुद्धा बोलीभाषा असतात म्हणायच्या :-)

आणि या सगळ्यात हरवलेलं काहीच नसतं. एका कळेला एक अक्षर, उलट फिरवलं की जसंच्या तसं परत. खरी भीती बाळगावी ती ओळीने आलेल्या प्रश्नचिन्हांची, ????? अशी. तिथे प्रत्येक अक्षराच्या जागी एकच चिन्ह बसलेलं असतं, क काय आणि ज्ञ काय. ती कुणालाही उलगडायची नाहीत, पाठवणाऱ्यालाच परत विचारावं लागतं. त्या दिवशी प्रश्नचिन्हं आली असती तर विचारायला फोन लागत नव्हता.

दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही मेल इंग्रजीत पाठवला होता."

"इंग्रजीत? मी मराठीतच लिहिलं होतं की!" ते म्हणाले. "आणि तुला कळलं न्हवं का?"

यावर काय बोलणार!

मागच्या वर्षी माझं एक छोटं ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी मोबाइल काढून घेतात, त्याच्या आधी शेवटचा मेसेज अण्णांचा आला. आता त्यांना मोबाइलवर नीट मराठी लिहिता येतं, मात्रेचीही चूक होत नाही. पण हा मेसेज त्यांनी मुद्दाम रोमन अक्षरांत, एकेक कळ आठवून लिहिला होता. पहिलं अक्षर मोबाइलने मोठं केलं असणार, तेही त्यांनी परत जाऊन लहान केलं होतं.

```
keNpr vka. DCdCe
```

असो. जुने मेल अजून साफ व्हायचेत. हा सोडून.