आधी पाणी, मग सोलर

गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवायचं ठरलं की घरातली चर्चा लीटर आणि किंमत यांच्यातच फिरते. नळ्यांचा स्वस्त, पॅनेलचा टिकाऊ, एवढ्यावर बहुतेक वेळा व्यवहार होऊन जातो. पुण्याच्या पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये सोलर बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात हयात घालवलेला कारागीर मात्र जिना चढायच्या आधीच विचारतो, "काका, वरच्या टाकीत पाणी कुठलं येतं?"

प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. खडकवासल्याचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. त्याला खडकात मुरायला फारसा वेळ मिळालेला नसतो, म्हणून ते सौम्य असतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं राहतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार उचलतं. उपनगरांत बोअर आणि टँकर यांचा आधार मोठा आहे. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच कंपनीचा सोलर एका घरी पंधरा वर्षं बिनतक्रार चालतो आणि शेजारी चौथ्याच वर्षी सकाळी कोमट पाणी देऊ लागतो. दोष कंपनीला दिला जातो. खरं कारण टाकीत येणाऱ्या पाण्यात असतं.

जड पाण्यातले सगळे क्षार सारखे त्रास देत नाहीत, ही गोष्ट विकणाऱ्यांनाही बऱ्याचदा माहीत नसते. कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात निमूट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं, म्हणजे तोच पांढरा, कडक चुन्याचा थर. पाणी साठ अंशांच्या पुढे गेलं की हे काम झपाट्यानं होतं. या भागाला तात्पुरतं जडपण म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइडमुळे येणारं जडपण कायमचं असतं. ते साबणाला फेस येऊ देत नाही, पण सोलरच्या तापमानाला सहसा थर धरत नाही. म्हणून सोलरपुरता प्रश्न तात्पुरत्या जडपणाचा आहे. खिशातलं टीडीएस मीटर तो सोडवू शकत नाही, कारण ते मीठ आणि चुना यांत फरक करत नाही.

त्यासाठी कारागिराच्या पिशवीत थेंबांचा किट असतो. पाण्याच्या नमुन्यात रंगद्रव्य टाकलं की तो लालसर जांभळा होतो. मग तो निळा होईपर्यंत थेंब मोजायचे, म्हणजे एकूण जडपण कळतं. पुढची पायरी बहुतेकजण गाळतात. त्याच टाकीतलं एक लीटर ताजं पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळायचं, गार करायचं, फिल्टर पेपरमधून गाळायचं, आटलं असेल तेवढं डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा एक लीटर करायचं आणि परत थेंब मोजायचे. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे सोलरमध्ये बसू शकणारा चुना. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लीटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे प्यायला चालणारं पाणी सोलरला चालेलच असं नाही.

आता दोन यंत्रांकडे पाहू. फ्लॅट प्लेटच्या पॅनेलमध्ये काचेखाली काळ्या लेपाचा तांब्याचा पत्रा असतो. त्याला नऊ-दहा बारीक तांब्याच्या उभ्या नळ्या जोडलेल्या असतात आणि खाली-वर एकेक जाड आडवी नळी, म्हणजे हेडर. उभी नळी अर्ध्या इंचाची, आतली पोकळी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत जातं आणि गार पाणी खालून आत येतं. पंप नाही, वीज नाही. घनतेतल्या त्या किंचित फरकावर सगळं चालतं, आणि म्हणूनच वाटेत थोडा जरी अडथळा आला तरी यंत्र सुस्तावतं.

नळ्यांच्या सोलरमध्ये तांबं नसतं. बोरोसिलिकेट काचेच्या दोन नळ्या एकात एक, मध्ये निर्वात पोकळी, थर्मासच्या बाटलीसारखी. नेहमीची नळी बाहेरून ५८ मिलिमीटर जाड आणि १८०० मिलिमीटर लांब असते. उष्णता शोषणारा लेप आतल्या काचेच्या बाहेरच्या अंगाला, निर्वातात असतो. पाणी थेट आतल्या काचेत भरलेलं असतं आणि तिची पोकळी सुमारे ४४ मिलिमीटरची. एका नळीत अडीच-पावणेतीन लीटर पाणी मावतं.

हिशेब एका घराचा करून पाहू. पाच माणसांचा बंगला, रोज २०० लीटर गरम पाणी, सगळं बोअरचं. एकूण जडपण ४५०, उकळल्यावर १५० उरलं, म्हणजे तात्पुरतं जडपण ३००. रोज २०० लीटर पाण्याबरोबर ६० ग्रॅम चुना सोलरमधून जातो. बराचसा पाण्याबरोबरच बाहेर पडतो. दहावा भाग आत बसला असं धरलं तरी रोजचे सहा ग्रॅम आणि वर्षातले ३०० उन्हाचे दिवस धरले तर १.८ किलो. चुन्याच्या दगडाच्या घनतेनं त्याचं आकारमान सुमारे पाऊण लीटरच्या आत, साधारण ६७० घनसेंटीमीटर भरतं.

हा चुना दोन पॅनेलच्या अठरा उभ्या नळ्यांमध्ये सारखा पसरला तर वर्षाला अर्धा मिलिमीटर थर. तीन वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पोकळी साडेअकरावरून साडेआठवर येते. ऐकायला फार वाटत नाही. पण संथ वाहणाऱ्या पाण्याचा प्रवाह पोकळीच्या व्यासाच्या चौथ्या घातानं कमी होतो, म्हणजे नळी तीस टक्क्यांपेक्षा कमी पाणी वाहू देते. प्रत्यक्षात थर सारखा बसतच नाही. पाणी सगळ्यात गरम असतं तिथे, म्हणजे नळ्यांच्या वरच्या टोकाला आणि वरच्या हेडरपाशी तो जाड होतो. प्रवाह मंदावला की पाणी आत जास्त वेळ राहतं, जास्त तापतं आणि चुना आणखी वेगानं सुटतो. म्हणूनच अशा घरातली तक्रार पहिली दोन वर्षं येत नाही आणि आली की महिन्या-दोन महिन्यांत वाढते.

तोच चुना वीस काचेच्या नळ्यांत गेला तर? काचेचं आतलं क्षेत्रफळ जवळजवळ चौपट, म्हणून थर वर्षाला सव्वा दशांश मिलिमीटर. ४४ मिलिमीटरच्या पोकळीला त्याची जाणीवही होत नाही. इथे एक खोट आहे, ती मान्य केली पाहिजे. निर्वातामुळे उष्णता बाहेर जात नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी वापरलं नाही तर ते ऐंशी अंशांच्याही वर जातं आणि चुना फ्लॅट प्लेटपेक्षा जास्त सुटतो. दुप्पट धरला तरी थर पाव मिलिमीटरच. पण गुळगुळीत काचेवर तो घट्ट धरून राहत नाही. तापण्या-निवण्यात खपल्या सुटतात आणि नळीच्या तळाशी साचतात. वरचाच १.८ किलोचा आकडा घेतला आणि गाळ सैल बसतो असं धरलं, तर वर्षाला प्रत्येक नळीत चार-पाच सेंटीमीटर. पाच वर्षांत वीस-पंचवीस सेंटीमीटर नळी पाण्याऐवजी चुन्याच्या खपल्यांनी भरलेली. तेवढं ऊन वाया जातं, पण सोलर बंद पडत नाही.

दोन्हींची बिघाडाची लक्षणंही वेगळी. फ्लॅट प्लेट तुंबलाय का, हे भर दुपारी हातानं कळतं. काच आणि चौकट चटका देण्याइतकी गरम, आणि पॅनेलकडून टाकीकडे जाणारा वरचा पाइप मात्र कोमट, तर उष्णता आतच अडकली आहे. नळ्यांच्या सोलरमध्ये उलट. चांगली नळी टळटळीत उन्हातही बाहेरून हाताला गार लागते. एखादी गरम लागली आणि तिच्या टोकाचा चंदेरी भाग पांढरा पडला असेल, तर तिचा निर्वात गेला आहे आणि त्याचा चुन्याशी संबंध नाही. शॉवरच्या जाळीत पांढऱ्या खपल्या अडकायला लागल्या की समजावं, नळ्या उतरवायची वेळ झाली.

सफाईत फ्लॅट प्लेट जास्त अवघड. पॅनेल टाकीपासून सोडवावं लागतं. मग सल्फॅमिक ॲसिडचं सौम्य द्रावण लहान पंपानं खालून वर फिरवायचं. चुना विरघळताना फेस येतो, तो थांबला की काम झालं. नंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि मग भरपूर साधं पाणी. बाजारातलं हायड्रोक्लोरिक स्वस्त पडतं, पण ते टाकीत शिरलं तर स्टेनलेस स्टीलला छिद्रं पाडतं. आणि एक मर्यादा कुठल्याही ॲसिडनं ओलांडता येत नाही: नळी पूर्ण बुजली असेल तर द्रावण तिच्यात शिरतच नाही, शेजारच्या मोकळ्या नळीतून निघून जातं. म्हणून धुलाई तक्रारीआधी हवी, वर्षाला एकदा.

काचेच्या नळ्या हातानं काढता येतात, मात्र उजाडायच्या आत. टाकी रिकामी करायची, रबरी रिंगला साबणाचं पाणी लावायचं आणि नळी हलके फिरवत ओढायची. चुन्यानं रिंग चिकटलेली असते. जोर लावला की काच फुटते. दुपारी, तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं तर ती तडकते, आणि एक नळी गेली की सगळी टाकी गच्चीवर रिकामी होते.

तिसरी वाट आहे ती हीट एक्स्चेंजरच्या फ्लॅट प्लेटची. पॅनेलमधून एकदाच भरलेलं शुद्ध पाणी टाकीभोवतीच्या आवरणात फिरत राहतं आणि आंघोळीचं पाणी आत वेगळं तापतं. बारीक नळ्यांना बोअरचं पाणी शिवतच नाही. किंमत जास्त, पाणी थोडं कमी तापतं आणि आवरणातलं आटलेलं पाणी अधूनमधून भरावं लागतं. घरात प्रेशर पंप असेल तर मात्र कारागीर हाच घ्यायला लावतो, कारण काचेच्या नळ्यांचे रबरी सांधे तो दाब सोसत नाहीत.

धरणाचं पाणी असेल तर कारागिराचं मत ठाम: साधा फ्लॅट प्लेट घ्या, काच टिकाऊ, तांबं टिकाऊ. तात्पुरतं जडपण दोनशेच्या पुढे असेल तर साधा फ्लॅट प्लेट तो विकत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी.

त्या पाच माणसांच्या घरात पंप नव्हता, म्हणून वीस नळ्यांचा सोलर ठरला. कारागिरानं टाकीचा हवेचा पाइप नेहमीपेक्षा जाड लावायला सांगितला. तो चुन्यानं बुजला आणि नळ जोरात सोडला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पत्रा आत दबतो. दुसरी सूचना सफाईची: वर्षाअखेर कडेच्या दोनच नळ्या काढायच्या आणि तळाचा गाळ मोजायचा. दोन बोटं असेल तर पुढची तपासणी दोन वर्षांनी. चार बोटांच्या वर असेल तर वीसही नळ्या त्याच पहाटे उतरवायच्या.