आधी चप्पल

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा विद्यालयाचा निरोप आला, तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील, आपण सरांविषयी लिहावे, असे मी ठरविले. पहाटे साडेपाचला आपल्याला मैदानावर उभे करणारे, शिट्टी विसरली की दोन बोटे तोंडात घालून हाक देणारे सर कोण, हे माझ्या पिढीच्या माजी विद्यार्थ्यांना सांगावे लागणार नाही. आपले नाव छापू नये ही त्यांचीच अट आहे. ती पाळून लिहितो आहे.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. मी त्या वेळी त्र्यंबकेश्वर तालुक्यात क्रीडाशिक्षक होतो. हरसूलच्या पुढच्या डोंगरपट्ट्यातील एका गावाने २६ जानेवारीला तीन किलोमीटरची शर्यत ठेवली होती, आणि मी सरांना पाहुणे म्हणून बोलाविले होते. या भागात शर्यतीचे वेड जुने नाही. जवळच्याच सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. तेव्हापासून इथल्या मुलींना धावणे हे आपलेही काम आहे असे वाटू लागले. कविताताईही प्रथम अनवाणीच धावत असत, हे या भागात पोरासोरांना ठाऊक आहे.

सर व्यासपीठावर बसले नाहीत. शेवटच्या रेषेपाशीही थांबले नाहीत. दोन किलोमीटरनंतर रस्ता एका खिंडीकडे चढतो, तिथे ते दगडावर जाऊन बसले आणि त्यांनी मलाही ओढून नेले. "पहिली कोण आली हे रेषेवर कळते. धावणारी कोण आहे, ते चढावर कळेल," एवढेच म्हणाले. पुढच्या तीन मुली सतरा-अठराच्या होत्या. चढ लागताच त्यांचे खांदे कानांकडे चढले, माना हलू लागल्या. चौथी तेरा-चौदा वर्षांची, पायांत काही नाही. तिचे डोके हंडा ठेवावा इतके स्थिर होते, आणि चढावर तिची पावले लांब न होता आखूड व जलद झाली. सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटले, उन्हाने दमले. ते तिच्या पावलांचा आवाज ऐकत होते. तो जवळजवळ येतच नव्हता.

ती चौथीच आली. सरांनी तिच्या मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजली : ४६ ठोके. एक मिनिट उभे राहायला सांगून पुन्हा मोजली : ३३. म्हणजे मिनिटाला १८४ वरून १३२. "एका मिनिटात पन्नासावर ठोके उतरले. हृदय सवयीचे आहे हिचे. काय काम करतेस गं बाळ?" झऱ्यावरून पाणी आणते, ती म्हणाली, दिवसाला चार खेपा, झरा दरीत.

आईवडील घरी नव्हते. भात झोडून झाले की या पाड्यांवरची कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि शिमग्याला परततात. घरी आजी आणि धाकटा भाऊ. सरांनी विचारले ते ऐकून आजी म्हणाली, "धावंल ती. पन पानी कोन आनंल?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सर म्हणाले, "तीच आणील, आजी. मी खेपा बंद करायला आलो नाही. तिचा बाप आला की त्याच्याशी बोलतो." नंतर मला सांगितले की, त्या चार खेपांनी जे कमावले आहे ते आपण तिच्याकडून काढून घेतले तर आपल्याकडे त्याच्या बदल्यात द्यायला काय आहे?

गावाला मैदान नव्हते. भाताची खाचरे उतारावर, बांधांनी तुटलेली. वरच्या माळावर एक सपाट तुकडा होता. तिथे सरांनी दोनशे मीटरची फेरी आखली. रीत सोपी आहे, म्हणून सांगतो. कोणाला आपल्या गावी उपयोगी पडेल. पन्नास मीटरच्या दोन सरळ बाजू, आणि दोन्ही टोकांना पन्नास-पन्नास मीटरची अर्धवर्तुळे. पन्नास मीटरच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या १५ मीटर ९२ सेंटिमीटर येते. पण धावणारा रेषेवरून धावत नाही, तिच्या वीसेक सेंटिमीटर बाहेरून धावतो. म्हणून दोरी १५ मीटर ७२ सेंटिमीटरची घ्यायची. मधोमध खुंटी ठोकायची, दोरी ताठ धरून फिरायचे. फक्की नव्हती, चुलीची राख होती. तीही वाऱ्याने उडू लागली, तेव्हा भावाने आणि त्याच्या सोबत्यांनी रेषेवर दगड मांडले.

बारा मिनिटे धाव, जितक्या होतील तितक्या फेऱ्या मार, एवढेच तिला सांगितले. मी काटा बघून आकडे घेत होतो. ५१, ५१, ५२, ५०... तिच्याजवळ घड्याळ नव्हते, पुढे कोणी नव्हते, आणि फेरीमागून फेरी एक-दोन सेकंदांच्या फरकाने येत होती. चौदावी फेरी ४६ सेकंदांत. एकूण अंतर सुमारे २,८५० मीटर. अंतरापेक्षा सर त्या आकड्यांच्या सारखेपणाकडे बोट दाखवीत होते. नवखे पोर पहिल्या दोन फेऱ्यांत जीव ओतते आणि पाचव्या फेरीला चालू लागते. वेगाची ही समज शिकवायला आपल्याला दोन वर्षे लागतात, ते म्हणाले.

आता माझी चूक सांगतो. मी उत्साहाने शिक्षकांकडून वर्गणी काढली आणि नाशिकहून तिच्यासाठी जाड टाचेचे धावण्याचे बूट आणले. सर त्या महिन्यात आजारी होते. मी तिला तेच बूट घालून रोज डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर धावायला लावले. तिसऱ्या आठवड्यात ती लंगडू लागली.

अनवाणी धावणारा बहुधा पावलाच्या पुढच्या वा मधल्या भागावर उतरतो. टाचेवर उतरले तर हाडाला धक्का बसतो, हे शरीरच त्याला शिकवते. जाड टाचेच्या बुटात तो धक्का जाणवत नाही, म्हणून पाऊल टाचेवर पडू लागते, पोटरीचे आणि नडगीचे काम बदलते. त्यात डांबराची भर. सरांनी येऊन तिच्या नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत नेला. वीतभर पट्ट्यात दुखत होते. "पट्ट्यात दुखते आहे, हे बरे. एकाच बोटाएवढ्या जागी दुखले असते, रात्री झोपेतही ठणकले असते, तर हाडाला बारीक चीर आहे असे समजून तिला दवाखान्यात नेऊन महिना-दोन महिने बसवावे लागले असते." पंधरा दिवस धावणे बंद. मग गवतावर अनवाणी. बूट आठवड्यातून तीन वेळा, फक्त दहा मिनिटे. दर आठवड्याला पाच मिनिटांची वाढ. मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

त्याच संध्याकाळी मी अबेबे बिकिला याचे नाव काढले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो इथिओपियाचा वीर अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, मग बूट हवेतच कशाला, असा माझा पश्चात्तापातून आलेला दुसऱ्या टोकाचा सवाल होता. सर म्हणाले, "१९६४ ला टोकियोतही तोच जिंकला, विश्वविक्रमासह. तेव्हा त्याच्या पायांत बूट होते. अर्धीच गोष्ट सांगत जाऊ नकोस."

शिमग्यानंतर वडिलांशी बोलणे झाले. पुढल्या हंगामात मुलीला बागेत न नेता भावासह जवळच्या आश्रमशाळेत ठेवायचे, असे ठरले.

पावसाळा आला. आवणीच्या दिवसांत तिचे धावणे कमी होणार हे धरलेच होते. पण भाद्रपदात पुन्हा माळावर उतरली तेव्हा ५१ ची फेरी ५५ झाली, आणि सहाव्या फेरीनंतर ५८. मला वाटले, मन उडाले. तसे मी तिला बोललोही. ती काही न बोलता पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिली. सरांनी तिला बोलाविले, खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली, आणि एका मिनिटानंतरची नाडी मोजली : ३३ च्या जागी ३९. "ही आळसावलेली नाही. हिच्यात रक्त नाही."

प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी झाली. हिमोग्लोबिन ९.१, या वयात ते बाराच्या वर हवे. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी सापडली. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळे उलगडून सांगितले. उघड्यावरच्या विष्ठेतून अंडी ओल्या मातीत पडतात, त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, फिरत फिरत आतड्यात पोहोचतात आणि तिथे चिकटून रक्त शोषतात. महिनोन् महिने हे चालते; दुखत काही नाही, फक्त दम लागतो. वाढत्या वयाच्या मुलीला पाळीमुळे लोह आधीच कमी पडते. जंताची गोळी एकदाच घ्यायची, लोहाच्या गोळ्या मात्र काही महिने. लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही.

परतताना सर गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपण दोघे वर्षभर हिच्या धावण्याच्या बुटांचा विचार करीत बसलो. हिला चप्पल हवी होती, हे पन्नास वर्षे मैदानात घालवूनही मला सुचले नाही."

चप्पल म्हणजे सगळा उपाय नव्हे, हेही लगेच दिसले. आवणीच्या चिखलात चप्पल रुतते, पट्टा तुटतो. तिथे ती घालून काम होतच नाही. पण पाड्यामागचे पडीक रान, जिथे लोक परसाकडे जातात, आणि झऱ्याकडची ओली पाऊलवाट, या दोन ठिकाणी अनवाणी जायचे नाही असा नियम सरांनी तिला घातला. माळावरची फेरी मात्र कोरडी, उन्हात तापणारी. तिथे अनवाणी धावायला हरकत नव्हती. म्हणजे लोक समजतात त्याच्या उलटेच झाले. ती धावायला अनवाणी जाई आणि पाण्याला चप्पल घालून.

दहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झाले. फेरी पुन्हा ५१ वर आली, मग ४९. नोव्हेंबरअखेर जिल्हा स्पर्धेत ती ३,००० मीटरला उतरली. चारशे मीटरचा मार्ग तिने प्रथमच पाहिला. माळावर पंधरा फेऱ्या मोजायची सवय, इथे साडेसात. सुरुवात एका बाजूला, शेवट दुसऱ्या बाजूला, हे तिला काही केल्या पटेना. पहिल्या दोन फेऱ्या तिचा ताल चुकला, मग सापडला. ११ मिनिटे १२ सेकंदांत ती तिसरी आली. पायांत बूट होते, या वेळी पातळ टाचेचे. सरांनी स्वतः हातात वाकवून निवडलेले.

त्या वर्षी वडील बागेवरून लवकर, संक्रांतीलाच दोन दिवस घरी आले. मजुरीतून पोरीला काय आणू, असे त्यांनी निरोप पाठवून विचारले होते. तिने भावाच्या पायाचे माप सुतळीला गाठ मारून पाठविले.