‘घ्या’ या शब्दाचे दोन अर्थ : संक्रांतीची जाहिरात लिहिताना



जाहिरात लेखन शिकवताना मुलांसमोर खरी जाहिरात ठेवली, तर तास रंगतो. यंदा तशी जाहिरात माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईकडूनच मिळाली. जुन्या नाशकात त्या दर संक्रांतीला घरचा तिळगूळ आणि पतंग विकतात. धंदा जेमतेम पंधरा दिवसांचा. करीच्या दुसऱ्या दिवशी पतंगाला कुणी विचारत नाही, म्हणून माल उरला की पैसे अडकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा मजकूर त्यांनी मला दाखवला :

“तिळगूळ घ्या, गोड गोड बोला! आमच्याकडे शुद्ध तिळगूळ, पतंग, मांजा योग्य दरात मिळेल. त्वरित संपर्क साधा.”

व्याकरण ठीकच होतं. अडचण ‘घ्या’ या शब्दात होती. आपल्या भाषेत ‘घ्या’ म्हणजे ‘स्वीकारा’ आणि ‘घ्या’ म्हणजे ‘विकत घ्या’सुद्धा. संक्रांतीला आपण पहिल्या अर्थाने म्हणतो. हातावर तिळगूळ ठेवणारा देणारा असतो, तो पैसे मागत नाही. त्याच वाक्याला दर चिकटला की अर्थ बदलतो आणि शुभेच्छा खोटी वाटू लागते. म्हणून आम्ही ठरवलं, शुभेच्छा वेगळ्या दिवशी आणि विक्री वेगळ्या दिवशी. एका संदेशात वस्तूही एकच.

पहिला संदेश ४ जानेवारीचा. घरोघरी तिळगुळाचा विचार त्याच सुमारास सुरू होतो, आणि ऑर्डर आधी कळली तर किती तीळ-गूळ आणायचा ते ठरवता येतं.

“नमस्कार. संक्रांतीच्या तिळगुळाची ऑर्डर घेत आहोत. साध्या गुळाची मऊ वडी, आजी-आजोबांनाही चावेल अशी. पाव किलो १२० रुपये. १० तारखेपर्यंत कळवा, १३ ला सकाळी पंचवटी आणि जुन्या नाशकात घरपोच देऊ.”

यात ‘शुद्ध’, ‘उत्तम’ असे शब्द नाहीत, कारण ते प्रत्येकच दुकानदार लिहितो. ‘आजी-आजोबांनाही चावेल’ हे मात्र तपासता येतं. चिक्कीच्या गुळाची वडी कडक, कुरकुरीत होते. साधा गूळ वापरून पाक बेताचा ठेवला तर ती मऊ राहते. त्या साधाच गूळ वापरतात, म्हणून हे वाक्य खरं आहे. वडी कडक निघाली असती, तर तेच वाक्य पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तोडणारं ठरलं असतं.

दुसरा संदेश पतंगांचा, ११ तारखेचा. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडतात. पतंग तीन दिवस लागणार, हे लक्षात ठेवून लिहिलं :

“भोगी ते कर, तीन दिवसांचे पतंग आले आहेत. दहा कागदी पतंग आणि सुती दोरा, १०० रुपये. नायलॉन मांजा आम्ही ठेवत नाही.”

शेवटचं वाक्य त्यांना आधी नको होतं. “गिऱ्हाईक जाईल ना, सर!” पण नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे. तो सहज तुटत नाही, पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापतो. मुलांसाठी पतंग घेणारी आई हेच वाक्य आधी वाचते. काही मोठी मुलं खरंच दुसरीकडे गेली. आलेल्या पालकांपैकी बऱ्याच जणांनी मात्र दोऱ्याचाच विषय काढला.

तिसरा संदेश १४ तारखेला सकाळी. दर नाही, फोन नंबरही नाही :

“तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. तुमच्या घरी आज सगळे गच्चीवर असोत.” आणि खाली फक्त त्यांचं नाव.

हा संदेश लोकांनी आपापल्या घरच्या ग्रुपवर पुढे पाठवला. दर लिहिलेला संदेश सहसा असा कुणी पाठवत नाही.

चौथा संदेश १६ तारखेचा. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणजे तिळगुळाची गरज संक्रांतीला संपत नाही. म्हणून त्यांनी लिहिलं, “हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांच्या हातावर ठेवायला छोट्या पुड्या, पंचवीसचा संच, दोन दिवस आधी सांगा.” उरलेले तीळ असे खपले.

वर्गात मी चारही संदेश फळ्यावर लिहिले आणि मुलांना एकच काम दिलं : प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा, आणि तिथे कोण देतंय, कोण घेतंय ते सांगा. पहिल्या मजकुरातल्या ‘घ्या’पाशी वर्ग अडला. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, इथे देणाराच मागतोय!”