राणीविना कॅरम

नवा कॅरम घरी आला, पावडर टाकली, सोंगट्या लावायला घेतल्या, तर मधोमध ठेवायला राणीच नाही. काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्यांच्या दोन चळती शेजारी-शेजारी रचल्या. पांढरी चळत एका सोंगटीने बुटकी निघाली. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि राणी मिळून १९ हव्यात, डबीत होत्या १७.

दुकानात गेलो. मालक बाहेरगावी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, एवढंच ना? दोन सुट्ट्या देतो." त्याने खणातून काढलेली पांढरी सोंगटी मी खिशातल्या माझ्या सोंगटीला चिकटवून ठेवली आणि वरून बोट फिरवलं. कड चांगलीच लागली; त्याची जाड होती. स्पर्धेच्या नियमांत सोंगटीची जाडी ७ ते ९ मिलिमीटर चालते. त्यामुळे दोन वेगळे संच नियमात बसतील, पण एकमेकांत मिसळता येतीलच असं नाही. जाड सोंगटी वजनालाही भारी असली, तर त्याच फटक्यात कमी सरकते. नवा संच फोडून द्यायची मुभा मुलाला नव्हती. मग मालकांच्या नावे चिठ्ठी लिहिली:

"स. न. वि. वि.
आपल्याकडून घेतलेल्या कॅरमच्या सीलबंद डबीत एक पांढरी सोंगटी आणि राणी कमी आहे. स्ट्रायकर आहे. दोन्ही चळतींचा फोटो आणि बिलाची प्रत जोडली आहे. डबीचं वेष्टन लेबलासकट जपून ठेवलं आहे. सुट्ट्या सोंगट्यांची जाडी जुळत नाही, म्हणून १९ सोंगट्यांचा पूर्ण संच बदलून द्यावा. बोर्डाबद्दल तक्रार नाही. माझ्याकडच्या १७ सोंगट्या परत करीन."

बोर्डाबद्दलचं वाक्य मुद्दाम घातलं. नाहीतर दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक सगळाच माल परत करायला निघालंय, आणि तो आधीच हात आखडता घेतो.

बिलाच्या तळाशी नेहमीचं 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं होतंच. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालातला दोष म्हणजे फक्त दर्जातली खोट नव्हे, प्रमाणातली कमतरताही त्यात येते. बिलावर मुदत दिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. चिठ्ठीत मात्र यातलं काही लिहिलं नाही. पहिल्याच पत्रात कायदा काढला की समोरचा माणूस सोंगट्या मोजायच्या आधी वकील शोधतो.

मालकांचाच फोन आला. "डबी घेऊन या, आणि ते लेबल विसरू नका. त्याच्याशिवाय कंपनी मला बदलून देणार नाही." काउंटरवर त्यांनी नवी डबी माझ्यासमोर फोडली, मोजली. माझ्या सतराही मोजून घेतल्या.