अगदी त्या ॲपसारखे

देवळाली प्रवरा येथे आमच्या परिचयातील एका काकांचे बांधकाम साहित्याचे दुकान आहे. दुकान बाजारपेठेत आणि गोदाम गावाबाहेर. गोदामातून किती माल उचलला, हे दुकानातील खात्यात त्याच वेळी उमटावे, एवढ्यासाठी त्यांनी माझ्याकडून ॲप करवून घेण्याचे ठरविले. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, “बेटा, व्हॉट्सॲपसारखे करून दे.”

मी ते शब्दशः घेतले. दुकान आणि गोदाम यांच्यात संदेश पाठविता येतील अशी सोय केली. तीन आठवडे गेले. काकांनी ती पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “हे नाही रे. व्हॉट्सॲपसारखे हवे.” ठरलेल्या रकमेचा दुसरा हप्ता मागण्याचे धाडस मला झाले नाही.

अखेर एके दिवशी सकाळपासून मी गोदामात जाऊन बसलो. तेथे नेटवर्क सारखे जात होते. मुनीम दहा गोण्या सिमेंटची नोंद करीत; पडद्यावर चक्र फिरत राही; नोंद गेली नाही असे समजून ते पुन्हा बटण दाबीत. प्रत्यक्षात पहिली नोंद दुकानात पोहोचलेली असे, केवळ तिची पोच परत आलेली नसे. दहाच्या वीस गोण्या होत आणि रात्री शिल्लक जुळत नसे. ग्राहकाच्या खात्यावर दुप्पट रक्कम चढणे म्हणजे पिढ्यांच्या विश्वासाला धक्का.

संध्याकाळी मी विचारले, “काका, व्हॉट्सॲपमध्ये तुम्ही नेमके काय पाहता?” ते म्हणाले, “त्या दोन खुणा. एक म्हणजे माझ्याकडून गेले, दोन म्हणजे समोर पोहोचले.”

काम एवढेच होते. नोंद लिहिताच फोननेच तिला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, अशी व्यवस्था मी केली. नोंद पुन्हा पाठविली तरी तिचा क्रमांक तोच राहतो; तो आधी आलेला असल्यास दुकानातील खाते ती दुसऱ्यांदा चढवीत नाही. नोंद फोनमध्ये जपली गेली की एक खूण, दुकानात पोहोचली की दुसरी. क्रमांक पुन्हा पाठविताना नव्हे, नोंद लिहितानाच द्यावा लागतो. नाहीतर जुनीच नोंद नवी ठरते. मात्र मुनिमांनी विसरून तीच नोंद नव्याने लिहिली, तर ती चूक यंत्राला कळत नाही. तिच्यासाठी रात्रीची मोजणी करावीच लागते. संदेशांची सोय मी काढून टाकली.

पुढे काका एकदा म्हणाले, “आता फोनपेसारखे कर.” या वेळी मी कागद पुढे ओढला आणि विचारले, “तिथे तुम्ही काय करता, आणि ते नसले तर दुकानात काय अडते?” त्यांना पैसे जमा झाल्याचा आवाज आवडत असे, दुकानात बिलावर बसलेल्या माणसाला गोदामाची नोंद आल्याचे मान वर न करता कळावे, इतकेच त्यांचे मागणे होते. ते एका ओळीत लिहिले, दोघांनी सही केली. ते काम दुपारपर्यंत आटोपले, आणि राहिलेला हप्ता काकांनी न मागता हाती ठेवला.